समांतरभुज चौकोन घडीत नापास, फेऱ्यात पास

प्रश्न: मुलगी सातवीत आहे. ‘समांतरभुज चौकोनाला किती सममिती अक्ष?’ याचं उत्तर तिने ‘२, दोन्ही कर्ण’ असं लिहिलं आणि ते चूक दिलं. ती म्हणते, कर्णावर कापला की दोन सारखे तुकडे होतात, आणि वही उलटी फिरवली तरी चौकोन तसाच दिसतो, मग सममिती नाही कशी? मलाही नीट सांगता आलं नाही. आम्ही ऐरोलीत राहतो. घरातल्या लाद्या, दारातली रांगोळी यांवरून समजावता येईल का?

उत्तर:

उत्तर चूक दिलं ते योग्यच आहे, कारण सर्वसाधारण समांतरभुज चौकोनाला सममिती अक्ष एकही नसतो. पण तुमच्या लेकीचं दुसरं निरीक्षण अगदी खरं आहे, आणि ते तिला स्वतःहून सुचलं याचा मला आनंद झाला. वही उलटी फिरवून आकृती तशीच दिसते, ही सममितीच आहे. फक्त ती वेगळ्या जातीची आहे. मी ठाण्यात २६ वर्षं गणित शिकवते आहे आणि त्याहून जास्त वर्षं रांगोळ्या काढते आहे. मुलांचा या धड्यातला गोंधळ बहुतेक वेळा इथेच असतो: घडीची सममिती आणि फेऱ्याची सममिती एकच समजली जाते.

आधी तिच्याकडून हे करून घ्या. ट्रेसिंग पेपरवर (बटर पेपरही चालेल) एक बाजू ६ सेमी, शेजारची ४ सेमी आणि त्यांमधला कोन ६० अंश असा समांतरभुज चौकोन काढून कापून घ्यायचा. मोठ्या कर्णावर नीट नख फिरवून घडी घालायची. तुकडे दोन्ही सारखेच आहेत, यात शंका नाही. पण घडी घातल्यावर ६ सेमीची बाजू ४ सेमीच्या बाजूच्या दिशेने जाते आणि तिच्यावर बसतही नाही, कारण कर्णाने ६० अंशांचा कोन निम्मा केलेला नाही. एका बाजूला साधारण २३ अंश आहेत, दुसऱ्या बाजूला ३७. एक टोक बाहेर डोकावतं, दुसरीकडे कागद उघडा राहतो. दोन तुकडे सारखे असणं आणि ते घडीवर एकमेकांवर बसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अक्ष होण्यासाठी दुसरी लागते.

हीच चूक आयताबाबतही होते. वर्तमानपत्राचं पान कर्णावर दुमडून पाहा, दोन शिंगं बाहेर येतात. म्हणून आयताला अक्ष दोनच, समोरासमोरच्या बाजूंचे मध्य जोडणारे. चौरसाला चार, कारण त्याचे कर्ण कोन बरोबर निम्मे करतात. समभुज चौकोनाचे कर्णही कोन निम्मे करतात, म्हणून तो दोन्ही कर्णांवर दुमडतो. तुमच्या लेकीच्या मनात बहुधा हा समभुज चौकोनच असावा; चित्रात तो आणि समांतरभुज चौकोन बरेच सारखे दिसतात.

आता फेरा. तोच कापलेला तुकडा वहीवर ठेवून पेन्सिलीने कड आखून घ्यायची. दोन्ही कर्ण जिथे छेदतात तिथे टाचणी टोचायची आणि तुकडा हळूहळू फिरवायचा. अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश झाले की तो आखलेल्या कडेत पुन्हा चपखल बसतो. पुढे पूर्ण फेऱ्याला परत बसतो. एका पूर्ण फेऱ्यात दोनदा बसला, म्हणून त्याच्या घूर्णन सममितीची कोटी २. पूर्ण फेऱ्याला तर कुठलीही आकृती बसतेच, त्यामुळे कोटी १ असेल तर घूर्णन सममिती नाही असंच म्हणतात. एक खूण मात्र करायला लावा: तुकड्याच्या एका कोपऱ्यावर छोटा ठिपका. नाहीतर मुलं फिरवताना तुकडा नकळत पालथा करतात, आणि पालथा केला की ती घडीची परीक्षा होते.

लाद्यांकडे येऊ. लाद्यांतल्या ज्या नक्षीने माझ्या विद्यार्थ्यांना हा फरक सर्वांत लवकर कळतो, ती पेव्हर ब्लॉकची. ठाणे काय नि नवी मुंबई काय, सोसायट्यांच्या आवारात २० सेमी लांब नि १० सेमी रुंद असे विटेच्या आकाराचे ब्लॉक असतात. मधे १० सेमीचा एक छोटा चौरस आणि त्याभोवती असे चार ब्लॉक भिंगरीसारखे लावले की ३० सेमीचा मोठा चौरस तयार होतो. हिशेब जुळतो: चार ब्लॉकचे ८०० आणि चौरसाचे १०० मिळून ९०० चौरस सेमी. आता या भिंगरीचे अक्ष मोजा. बाहेरची कड चौरसाची आहे म्हणून मुलं पटकन चार म्हणतात. पण आतले सांधे धरले तर एकही घडी जुळत नाही. फेरा मात्र दर ९० अंशांना जुळतो. कोटी ४, अक्ष शून्य.

आमच्या जुन्या सोसायटीत हेच आवार घातलं तेव्हा एक चूक झाली होती, ती मी अजून वर्गात सांगते. नकाशात फक्त डावी अर्धी बाजू काढली होती आणि उजवीकडे ‘आरशातल्यासारखं’ असं लिहिलेलं होतं. कारागिराने सांगितलं तसंच केलं. काम झाल्यावर सगळ्यांना काहीतरी खटकत होतं, पण काय ते कुणाला सांगता येईना. ब्लॉक सगळे नीट बसलेले, सांधे सरळ, लेव्हल बरोबर. मी एका छोट्या चौरसावर उभी राहिले आणि समोरच्या ब्लॉककडे पाहिलं. तो चौरसाच्या उजव्या कडेपलीकडे निघत होता. जागीच पाव फेरा वळले, तरी समोरचा ब्लॉक उजवीकडेच निघत होता. चारही दिशांना तसंच. मग आवाराच्या दुसऱ्या अर्ध्यात जाऊन तेच केलं, तर तिथे चारही ब्लॉक डावीकडे निघत होते. अर्ध्या भिंगऱ्या एका हाताच्या, अर्ध्या दुसऱ्या हाताच्या. उजव्या हाताची भिंगरी कितीही फिरवली तरी डाव्या हाताची होत नाही. त्यासाठी ती पालथी करावी लागते, आणि जमिनीत बसवलेला ब्लॉक काही पालथा करायचा नसतो. ब्लॉक वाळूवर बसवलेले होते, म्हणून उजवी बाजू उचलून पुन्हा लावता आली. एकही ब्लॉक कापावा लागला नाही, कारण दोन्ही हातांच्या भिंगरीला तेवढेच आणि तसलेच तुकडे लागतात.

या आवारात अजून एक गोष्ट दिसते. चूक होती तेव्हा अख्ख्या आवाराला मधल्या रेषेवर एक अक्ष होता आणि अर्ध्या फेऱ्याची सममिती नव्हती. दुरुस्त केल्यावर अक्ष गेला आणि अर्ध्या फेऱ्याची सममिती आली. एका लादीची सममिती ती लादीची. नक्षीची सममिती ती कशी लावली यावर ठरते. चौरस लादीला स्वतःचे चार अक्ष असतील, पण भिंगरीत बसली की ते कुणी विचारत नाही.

रांगोळीत हाच फरक बसायच्या जागेवरून पडतो. पाडव्याच्या आदल्या रात्री आम्ही दोघी-तिघी मिळून मोठी रांगोळी घालायला बसतो, तेव्हा मी नवीन मुलींना हे आधी सांगते. दोघी समोरासमोर बसल्या आणि दोघींनी आपापल्या जागेवरून एकच वेल काढली, समजा वळण दोघींच्या उजवीकडे, तर येणारी रांगोळी अर्ध्या फेऱ्याची होते, आरशाची नाही. समांतरभुज चौकोनाची जात. आरशासारखी हवी असेल तर एकीने उजवीकडे वळवायचं आणि समोरचीने आपल्या डावीकडे. चौघी चार बाजूंना बसून एकच आकार काढतात तेव्हा कोटी ४ आपोआप येते. स्वस्तिक तसंच आहे: चार हात, चारही एकाच दिशेला वळलेले, कोटी ४ आणि अक्ष शून्य. लेकीला स्वस्तिक काढलेला कागद दुमडून उजेडासमोर धरायला सांगा. एका थरातले हात दुसऱ्या थरातल्या हातांच्या उलट वळलेले दिसतील.

आता ठिपक्यांची रांगोळी. इथे बहुभुजाकृती थेट हातात येते, म्हणून जरा थांबून सांगते. ‘१५ ते ८’ म्हटलं की मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी करत ८ पर्यंत, आणि प्रत्येक ओळीचे ठिपके आधीच्या ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. मोजले तर एकूण १६९ भरतात. बाहेरची कड षटकोनाची येते, प्रत्येक बाजूवर ८ ठिपके. हा सुसम षटकोन असेल तर त्याला सहा अक्ष: तीन समोरासमोरचे कोपरे जोडणारे, तीन समोरासमोरच्या बाजूंचे मध्य जोडणारे. फेऱ्यात तो दर ६० अंशांना बसतो, कोटी ६.

‘असेल तर’ असं म्हटलं, कारण बहुतेक वेळा तो सुसम नसतोच. माझ्या आईने उदबत्तीने भोकं पाडून केलेला ठिपक्यांचा कागद माझ्याकडे बरीच वर्षं होता, आणि त्यावर काढलेल्या सहा पाकळ्यांपैकी आडव्या दोन नेहमी आखूड यायच्या. मला वाटायचं माझा हात चुकतो. मग एकदा दोऱ्याने मोजलं. ओळीतल्या दोन ठिपक्यांत ३ सेमी अंतर होतं आणि दोन ओळींतही ३ सेमीच. इथेच सगळं होतं. शेजारचे तीन ठिपके समभुज त्रिकोण करायला हवेत, तर ओळींमधलं अंतर त्या त्रिकोणाच्या उंचीएवढं, म्हणजे ठिपक्यांतल्या अंतराच्या साधारण ०.८७ पट लागतं. ३ सेमीला २.६ सेमी. तेही ३ ठेवलं तर तिरक्या शेजाऱ्यांमधलं अंतर ३.३५ सेमी होतं आणि अख्खा षटकोन उभा ताणला जातो. १५ ते ८ मध्ये मध्यापासून आडवे दोन कोपरे २१ सेमीवर राहतात आणि उरलेले चार साडेतेवीस सेमीवर जातात. अडीच सेमीचा फरक डोळ्याला खटकतो, पण कुठे खटकतं ते कळत नाही. या ताणलेल्या षटकोनाला अक्ष दोनच उरतात, एक उभा, एक आडवा, आणि कोटी २. आयताएवढीच सममिती, बाजू सहा असूनही.

म्हणून बाजू मोजून अक्ष सांगायचे नाहीत. सुसम बहुभुजाकृतीलाच जेवढ्या बाजू तेवढे अक्ष आणि तेवढीच कोटी. षटकोन सुसम आहे का, हे पाहायचा सोपा उपाय म्हणजे दोरा: एक टोक मध्यावर धरायचं, दुसरं एका कोपऱ्यावर, आणि तोच दोरा सहाही कोपऱ्यांवर नेऊन पाहायचा. मग त्याच लांबीने सहा बाजूही मोजायच्या. सुसम षटकोनात मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर आणि बाजू एकच असते, त्यामुळे एकाच दोऱ्यात दोन्ही परीक्षा होतात. नवा कागद करायचा असेल तर पट्टीने ३ आणि २.६ सेमीच्या रेघा आखून मगच भोकं पाडा. दारात थेट हाताने ठिपके देताना डोळ्यांना तिरकं अंतर आडव्या अंतराएवढं दिसतंय का तेवढं बघत जायचं, ओळींमधलं अंतर मोजायचं नाही.

ठिपके ‘१५ ते १, दोन-दोन कमी’ असे दिले तर मांडणी वेगळी होते. तिथे ठिपके एकाखाली एक सरळ येतात, एकूण ११३, आणि बाहेरची कड कोपऱ्यावर उभ्या चौरसाची. तिला चार अक्ष, कोटी ४. या मांडणीवर सहा पाकळ्यांचं फूल बसवायला गेलं तर ते कधीच खरं सहा पाकळ्यांचं होत नाही, कारण ६० अंश फिरवल्यावर ठिपके ठिपक्यांवर पडत नाहीत. कमळ आठ पाकळ्यांचं काढलं तरी चार लांब आणि चार आखूड पाकळ्या निघतात. आठही सारख्या हव्या असतील तर ठिपके सोडून दोरा आणि खडू घ्यायचा.

पाच पाकळ्या तर कुठल्याच ठिपक्यांच्या मांडणीवर खऱ्या येत नाहीत, आणि सुसम पंचकोनाची लादी दुकानात मिळत नाही त्याचं कारणही जवळचंच आहे. सुसम पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा. एका बिंदूभोवती तीन पंचकोन ठेवले की ३२४ अंश होतात आणि ३६ अंशांची फट उरते, चौथा बसत नाही. षटकोनाचे तीन १२० मिळून बरोबर ३६०, चौरसाचे चार ९० मिळून ३६०, समभुज त्रिकोणाचे सहा ६० मिळून ३६०. एकाच मापाच्या सुसम लाद्यांनी फट न ठेवता जमीन भरायची तर हे तीनच आकार. पाचाची सममिती बघायची तर खाली पडलेलं चाफ्याचं फूल उचला. त्याच्या पाचही पाकळ्या एकाच दिशेने एकमेकींवर कललेल्या असतात, म्हणून ते ७२ अंशांना फिरून जवळजवळ जुळतं, पण आरशातल्या चाफ्याशी त्याचं वळण जुळत नाही. जास्वंदीतही पाकळ्यांची हीच गुंफण आढळते.

तुमच्या लेकीला उत्तर तपासायला एक नियम द्या, तो सातवीतही झेपतो. कुठल्याही आकृतीचे अक्ष शून्य असतात किंवा कोटीइतके असतात, तिसरी शक्यता नाही. समांतरभुज चौकोनाची कोटी २, तर त्याचे अक्ष ० किंवा २. एक कधीच नाही. पतंगाच्या आकाराला अक्ष एक, म्हणजे कोटी एक, फिरवून जुळणार नाही. कारणही तिला कळेल: एका अक्षावर पालथं केलं आणि लगेच दुसऱ्या अक्षावर पालथं केलं, तर आकृती पुन्हा सुलट होते, पण फिरलेली असते, दोन अक्षांमधल्या कोनाच्या दुप्पट. आयताचे अक्ष ९० अंशांत आहेत, म्हणून दोन घड्या मिळून १८०चा फेरा. सुसम षटकोनाचे शेजारचे अक्ष ३० अंशांत, म्हणून ६०चा फेरा. दोन घड्या आल्या की फेरा आपोआप येतो. फेरा असला म्हणून घडी येतेच असं मात्र नाही, आणि तिचं उत्तर नेमकं तिथे चुकलं.

रंग भरताना मात्र नियम पुन्हा लावून बघायला हवा, कारण रंगाने सममिती बदलते. १५ ते ८ वर सहा पाकळ्यांचं साधं फूल काढा. रंग न भरता त्याला सहा अक्ष आणि कोटी ६. एकाआड एक गुलाबी-पिवळा भरला तर ६० अंशांना गुलाबी पिवळ्यावर जातो, म्हणून १२० अंशांनीच जुळतं: कोटी ३. पाकळ्यांच्या मधून जाणारे तीन अक्ष टिकतात, दोन पाकळ्यांच्या फटीतून जाणारे तीन जातात. आता तीन रंग घ्या आणि ओळीने भरा, गुलाबी, पिवळा, हिरवा, पुन्हा गुलाबी, पिवळा, हिरवा. समोरासमोरच्या पाकळ्या एका रंगाच्या होतात, त्यामुळे अर्ध्या फेऱ्याला फूल जुळतं. पण गुलाबी पाकळ्यांवरून घडी घाला, पिवळा हिरव्यावर पडतो. दुसरी कुठलीही घडी घाला, रंग चुकतातच. कोटी २, अक्ष एकही नाही. तिच्या वहीतल्या समांतरभुज चौकोनाची जी सममिती, तीच या फुलाची. हे तिने स्वतः कागदावर रंगवून, टाचणी टोचून आणि घडी घालून करावं; एका संध्याकाळचं काम आहे. नंतर तिला त्याच सहा पाकळ्या, तेच तीन रंग, प्रत्येक रंग दोनदाच, पण निदान एक अक्ष येईल असे भरायला सांगा. तसं करता येतं, आणि एकाहून जास्त प्रकारे येतं.